पुरावा उताऱ्यातला हवा

अपठित उताऱ्यातली ही तीन वाक्यं पाहा: ‘दुकानदाराकडे मोड नव्हती. त्याने दोन गोळ्या पुढे केल्या. सखूने त्या न उचलता हात तसाच पसरून ठेवला.’ इथे ‘मोड’ म्हणजे सुटे पैसे. मटकीचे मोड असते तर ‘नव्हते’ आलं असतं, शिवाय ‘गोळ्या पुढे केल्या’ हा पुरावा आहेच. सखूला काय हवं होतं? उरलेले पैसेच, आधार ‘न उचलता हात तसाच पसरून ठेवला’. पुष्कळ मुलं मात्र ‘सखू गरीब होती’ असं लिहितात. कदाचित असेलही, पण उताऱ्यात तसा एकही शब्द नाही. अशा उत्तराला गुण देऊ नयेत.