किंमत लिहा हो!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ऑनसाइट नाहीतर कायमचं परदेशी निघतं आणि मेसेज पडतो, "सामान विकणे आहे, किंमतीसाठी पर्सनल मेसेज करा." हे वाचून माझी तर सटकतेच! चाळीस जण तोच प्रश्न विचारणार, तुम्ही चाळीसदा तेच उत्तर टाइप करणार, आणि तेही व्हिसा अन् पॅकिंगच्या धावपळीत. हवंय कशाला?

मंडळी, किंमत ठरवताना आपण आपलं बिल बघतो. घेणारा मात्र घरी पोचेपर्यंतचा खर्च बघतो. परवा मित्राचा क्वीन साइज बेड विकायचा होता, तेव्हा हाच हिशोब मांडला. २२,००० ला घेतलेला, म्हणून त्याच्या डोक्यात १२,०००. बाहेरच्या माणसाला टेम्पो १,५०० आणि सुतार १,००० धरला की झाले १४,५००. तसाच नवा बेड सेलमध्ये १७,००० ला घरपोच, जोडून वगैरे मिळत होता. अडीच हजार वाचवायला जुना कोण घेईल? पण शेजारच्या विंगमधल्या माणसाला टेम्पो लागत नाही. म्हणून तर आधी सोसायटीचा ग्रुप! शेवटी ९,००० लिहिले, "सुतार तुमचा" असंही लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी बेड ठरला.

सुतार का? तर पार्टिकल बोर्डचं फर्निचर खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू आधीसारखे घट्ट बसत नाहीत. दुसऱ्यांदा बेड कुरकुरला तर दोष कुणाचा, हे आधीच ठरलेलं बरं. न खोलता न्यायचं म्हणाल, तर पाच फुटी हेडबोर्ड लिफ्टच्या दारातून जातो का, हे टेप लावून बघा आणि मापं मेसेजमध्येच टाका.

आता फोटो. चादर घालून, उशा मांडून काढलेला फोटो छानच दिसतो, पण घेणाऱ्याला बघायचे असतात पाय. लादी पुसताना पाणी लागून बोर्ड खालून फुगतो. तो फुगलेला कोपरा आम्ही जवळून काढून दुसराच फोटो म्हणून टाकला. दारात उभं राहून हजार रुपये पाडायला मग काही उरलंच नाही :)

नेण्याची तारीख मात्र गोलमाल ठेवू नका. मित्राचं विमान २८ ला होतं, मेसेजमध्ये लिहिलं, "२४ किंवा २५, संध्याकाळी ६ नंतर, १,००० टोकन देणाऱ्यासाठी ठेवू." तीन रात्री गादी जमिनीवर टाकून झोपला बिचारा, पण माणूस ऐनवेळी फिरला असता तर दुसरा शोधायला तीन दिवस हातात होते. २७ तारीख दिली असती तर बेड फुकटच द्यावा लागला असता.

आणि हो, मेसेज फॉरवर्ड होऊन बाहेरही जातो. टोकन पाठवतो म्हणत कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला लावला तर सरळ ब्लॉक करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.