विश्लेषण : शेरा ‘चांगला’, तरी पगारवाढ सहाच टक्के का?

पगारवाढीचे पत्र हातात पडते आणि शेजारच्या सहकाऱ्याला जास्त मिळाल्याचे कळते. शेरा दोघांचाही ‘चांगला’. मग फरक कुठे पडला? एका काल्पनिक कंपनीचे उदाहरण घेऊ. कर्मचारी १००, पगारावरील वार्षिक खर्च ६ कोटी रुपये. व्यवस्थापनाने वाढीसाठी ९ टक्के, म्हणजे ५४ लाख मंजूर केले. त्यातले ६ लाख बढत्यांसाठी बाजूला काढले. उरले ४८ लाख, म्हणजे सरासरी ८ टक्के.

गणित कुठे फसते?

एचआरचा अंदाज असा : १५ जण ‘उत्कृष्ट’, त्यांना १२ टक्के, ६५ ‘चांगले’, त्यांना ८, उरलेल्या २० जणांना ४. सर्वांचे पगार साधारण सारखे धरले तर खर्च ४६.८ लाख. बजेटमध्ये बसतो. पण मॅनेजरना वाईटपणा नको असतो. त्यांच्या याद्यांत ‘उत्कृष्ट’ ३०, ‘चांगले’ ६० आणि ‘साधारण’ १० निघतात. खर्च जातो ५२.८ लाखांवर.

मग सरसकट कात्री लागते आणि खरोखर उत्कृष्ट काम करणाऱ्याचे १२ टक्के ११ च्याही खाली येतात. हे टाळायचे तर टक्के ठरवण्याआधीच सर्व मॅनेजरनी एकत्र बसून शेरे पुराव्यानिशी ताडून पाहायला हवेत. ज्या विभागाचे उद्दिष्टच हुकले, तिथे निम्मे लोक ‘उत्कृष्ट’ कसे, हा प्रश्न तिथेच विचारता येतो.

शेरा एक, टक्के दोन?

एकाच पदावर एकाचा पगार ४० हजार, दुसऱ्याचा ६० हजार. त्या पदाच्या पगारश्रेणीचा मध्य ५० हजार. मागे राहिलेल्याला वर आणण्यासाठी पहिल्याला १० टक्के, दुसऱ्याला ६ टक्के दिले जातात. रुपयांत हा फरक ४,००० आणि ३,६०० इतकाच. पण कँटीनमध्ये चर्चा टक्क्यांचीच होते, आणि दुसरा कर्मचारी दुखावतो.

नाराजाला सांगायचे कसे?

पत्र ईमेलने जाण्याआधी त्याच्या मॅनेजरने समोरासमोर बसावे. आधी आकडा सांगावा, मग कारण. ‘मी तुझ्यासाठी भांडलो, पण एचआरने ऐकले नाही’ हे वाक्य सर्वांत घातक. त्याने निर्णय कोणाचाच राहत नाही. सहकाऱ्याचा पगार उघड न करताही श्रेणीचा मध्य आणि त्यातली त्याची जागा दाखवता येते. काम कमी पडले म्हणून वाढ कमी, की श्रेणीत वर असल्यामुळे कमी, हे स्पष्ट सांगावे, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. श्रेणीच्या टोकाशी पोहोचलेल्याला केवळ चांगल्या शेऱ्याने मोठी वाढ मिळणार नाही. त्याला वरचे पदच लागेल. आणि ‘पुढच्या वर्षी भरून काढू’ असे म्हणू नये. पुढच्या वर्षीचे बजेट अजून मंजूरच झालेले नसते.