जुळ्यांच्या नावांचे यमक कुणासाठी?

घरात जुळी मुले जन्मली की अकीक्याआधीच नावांचे यमक जुळवायला सगळे बसतात. राशिद-रशीद, हामिद-हमीद, सना-सानिया, अयान-रेयान. नानीला एक सुचते, फूफीला दुसरे आणि ज्या जोडीला जास्त ठेका, ती पसंत होते. हा ठेका फक्त मोठ्यांच्या कानांसाठी आहे आणि त्याचा भार मुलांनी जन्मभर वाहायचा, हे मला मान्य नाही.

जुळ्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट आपण विसरतो. त्यांची जन्मतारीख एक, आडनाव एक, वडील एक, आई एक, पत्ता एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. आईचे नाव आल्याने चुलत भावंडे वेगळी ओळखता येतील. जुळ्यांना त्याचा काही उपयोग नाही, त्यांची आईही तीच. कागदावर दोन जिवांना वेगळे करणारा एकच शब्द उरतो, त्यांचे स्वतःचे नाव. तेवढा एकच शब्द आपल्या हातात असतो आणि तोही आपण जवळजवळ सारखा करून ठेवतो.

उदाहरण घेऊ. वडील युनूस, आडनाव शेख, मुले राशिद आणि रशीद. उर्दूत ही दोन वेगळी नावे आहेत. राशिदमध्ये रे नंतर अलिफ येतो, रशीदमध्ये शीन नंतर ये. मूळ धातू एकच, पण लिहिताना गोंधळ नाही. देवनागरीतही काना आणि वेलांटी जागच्या जागी असेल तर फरक दिसतो. अडचण इंग्रजीत येते. संगणकावर दोघांचे नाव एकच टाइप होते:

```
RASHID YUNUS SHAIKH
RASHID YUNUS SHAIKH
```

जन्मतारीख तीच, पत्ता तोच. भरणाऱ्याला वाटते, एकच मूल चुकून दोनदा आले, आणि तो एक नोंद काढून टाकतो. त्याचा तरी काय दोष? हामिद-हमीद आणि माजिद-मजीद यांचेही हेच, कारण आपल्याकडच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आखूड-लांब स्वर दिसतच नाही.

वर्गात काय होते, ते मी रोज पाहते. हजेरीपटात आडनाव आधी, म्हणून ही दोन नावे एकाखाली एक येतात. एक गैरहजर असला की खूण दुसऱ्यापुढे पडते. उत्तरपत्रिकेवर मूल घाईत ‘आर. वाय. शेख’ लिहिते आणि गुण कुणाचे ते हस्ताक्षरावरून ठरवावे लागते. गुणांची चूक सुधारता येते. दवाखान्यात मात्र हेच घडले तर? एका भावाला एखादे औषध सोसत नाही, तशी नोंद त्याच्या फाइलवर आहे आणि कंपाउंडरने दुसऱ्याची फाइल काढली. दारात उभे राहून ‘राशिद’ अशी हाक मारली तर कोण उठणार?

यावर उत्तर येते, ‘आता आधार आहे ना, बोटांचे ठसे असतात.’ पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतच नाहीत. आणि लसीकरणाच्या कार्डावर, औषधाच्या चिठ्ठीवर, हजेरीपटात ठसा कुठे असतो? तिथे फक्त नाव असते.

‘अब्दुल’ने सुरू होणाऱ्या जोड्यांत आणखी एक गाठ आहे. अब्दुल रहमान आणि अब्दुल रहीम ही दोन्ही सुंदर नावे. पण नुसत्या ‘अब्दुल’चा अर्थ ‘च्या बंदा’ एवढाच होतो, कुणाचा ते पुढच्या शब्दात असते. शाळेत, बाजारात लोक पुढचा शब्द गाळतात. घरात दोन अब्दुल होतात, आणि आद्याक्षरेही दोघांची ‘ए. आर.’च. दोन्ही मुलांच्या नावाआधी मोहम्मद लावले की हाच प्रकार होतो. बरकतीसाठी लावायचे तर जरूर लावा, पण मग त्यापुढची दोन नावे तरी वेगळ्या अक्षरांची ठेवा.

सगळ्यात वजनदार आक्षेप धर्माच्या नावाने घेतला जातो. ‘हसन-हुसैन ही नावे सारखी नाहीत का?’ आहेत. दोन्ही एकाच धातूची आहेत, हुसैन हे हसनचेच लाडके रूप. पण ते दोघे जुळे नव्हते, आणि त्यांच्या बहिणींची नावे झैनब आणि उम्मे कुलसूम होती. खुद्द पैगंबरांच्या मुलांची नावे पाहा: कासिम, अब्दुल्लाह, इब्राहिम, झैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम, फातिमा. यात यमक कुठे आहे? मूसा आणि हारून भाऊ होते, इस्माईल आणि इस्हाकही. कुणाच्या घरी हसन-हुसैन असतील तर मुबारक, माझे काही म्हणणे नाही. पण यमक जुळवणे म्हणजे सुन्नत, असे कुणी सांगू नये.

भावंडांच्या नावांत नाते दिसावे, ही इच्छा मला समजते. ते नाते अर्थात शोधा. सूरा युनूसच्या पाचव्या आयतीत सूर्याला झिया म्हटले आहे आणि चंद्राला नूर. दोन्ही प्रकाशच. झिया आणि नूर या नावांत एकही अक्षर सारखे नाही, हाक वेगळी, आद्याक्षर वेगळे. राशिद म्हणजे सरळ वाटेवर असलेला. त्याच्या भावाला हादी म्हणा, वाट दाखवणारा. जोडी तीच राहिली आणि गोंधळ संपला.

नाव पक्के करण्याआधी एक कागद घ्या. दोन्ही नावे उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत एकाखाली एक लिहा. कुठल्याही एका लिपीत ती सारखी दिसली तर जोडी सोडा. उर्दूत जाल आणि जोय ही वेगळी अक्षरे आहेत, म्हणून ‘सावध करणारा’ नजीर आणि ‘उदाहरण’ या अर्थाचा नजीर वेगळे लिहिले जातात. मराठीत दोघे एकच होतात आणि कानालाही फरक कळत नाही. मग आडनावासकट आद्याक्षरे लिहून पाहा. शेवटी एकाने स्वयंपाकघरातून दोन्ही नावांनी हाक मारावी आणि दुसऱ्याने अंगणातून ऐकावे. शेवटचा ठेका एकच ऐकू आला तर मुलेही तेच ऐकणार. अयान-रेयानची जोडी इथेच नापास होते.

घाईचे कारणही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचे नाव तेव्हाच लिहिलेच पाहिजे असे नाही. नोंदणीपासून वर्षभर ते शुल्काशिवाय घालता येते. अकीका सातव्या दिवशी करा, नाव त्या दिवशी ठेवा, पण दाखल्यावर चढवण्याआधी तो कागद एकदा समोर ठेवा. एकदा दाखल्यावर गेलेले नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये उतरते, आणि पुढे बदलायचे झाले तर राजपत्रापर्यंत जावे लागते.