पंख्यासाठी बॅटरी : आठ सेलांचा हिशेब

कोकणातील एका वाचक भगिनीने विचारले आहे : “आमच्याकडे रात्री वीज जाते. अम्मी आजारी आहेत, त्यांना पंखा लागतो. 12 व्होल्टचा छोटा पंखा आणि एलईडी दिवा घरात आहे. भाईजान म्हणतात, गोल सेल आणून बॅटरी घरीच बांधू. सेल किती आणायचे?”

प्रश्न चांगला आहे, कारण इथे अंदाजाने सेल घेतले तर एकतर पहाटे पंखा बंद पडतो, नाहीतर पंखाच जळतो. हिशेब दोन पायऱ्यांचा आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्होल्ट, मग वेळ.

सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात. ही सिरीज, म्हणजे एकसर जोडणी. शेजारी शेजारी जोडले, म्हणजे धनाला धन आणि ऋणाला ऋण, की व्होल्ट तेवढेच राहतात. पण साठा वाढतो. ही पॅरलल, म्हणजे समांतर जोडणी.

लॅपटॉपच्या बॅटरीत असतात ते लिथियम आयन सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचे असतात. असे चार एकसर जोडले तर 16.8 व्होल्ट होतात. 12 व्होल्टच्या पंख्याला ते धोक्याचे आहे. तीन जोडले तर भरताना 12.6, पण उतरता उतरता 9 च्या आसपास येतात आणि पंखा मंदावतो. म्हणून या कामाला लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल बरा. त्याचे व्होल्ट 3.2. चार एकसर जोडले की 12.8 होतात, आणि बराच वेळ ते 13 च्या जवळपास टिकतात. चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी 14.6 पर्यंत असू शकते. आपल्या पंख्याला तेवढे चालतात का, हे त्याच्या लेबलवर पाहून घ्यावे. एकसर चार, हे इथे ठरले.

आता वेळ. पंखा 15 वॅटचा आणि दिवा 7 वॅटचा धरू. एकूण 22 वॅट. पाच तास चालवायचे तर 22 गुणिले 5, म्हणजे 110 वॅट-तास. सेल हळूहळू जुने होतात, तारांतही थोडी वीज जाते. म्हणून साठ्याचा पाचवा भाग हिशेबाबाहेर ठेवावा. 110 ला 0.8 ने भागले की साधारण 138 वॅट-तास येतात.

32700 या मापाचा जाड सेल 6 अँपिअर-तासांचा मिळतो. 3.2 गुणिले 6, म्हणजे एका सेलात 19.2 वॅट-तास. चार सेलांच्या एका ओळीत 76.8. ही एक ओळ पुरत नाही. दोन ओळींत 153.6 होतात. उत्तर आले : एकसर चार, समांतर दोन, एकूण आठ सेल. सात किंवा नऊ चालत नाहीत, कारण प्रत्येक जोडीत सारखेच सेल हवेत.

बांधताना आधी दोन-दोन सेलांच्या समांतर जोड्या कराव्यात, मग त्या चार जोड्या एकसर जोडाव्यात. सेल एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे, नवे असावेत. या जातीच्या सेलाचे व्होल्ट मध्यावर फारसे बदलत नाहीत, त्यामुळे मीटरवर सारखे दिसणारे दोन सेल आतून कमी-जास्त भरलेले असू शकतात. म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक सेल वेगळा 3.65 व्होल्टपर्यंत पूर्ण भरून घ्यावा.

सेलावर थेट कावियाने डाग देऊ नये, उष्णतेने आतले सील बिघडते. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावून घ्यावी. काम करताना अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. धातू दोन टोकांना टेकला तर क्षणात तापून लाल होतो.

बॅटरीला याच जातीच्या चार सेलांसाठी असलेले बीएमएस, म्हणजे रक्षक सर्किट, लावलेच पाहिजे. त्याच्या बारीक तारा घालण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण टोकापासून एकेक तार मोजावी : 3.3, 6.6, 9.9, 13.2 असे सारख्या पायऱ्यांनी आकडे चढले पाहिजेत. पायरी चुकली तर तार चुकली आहे. धन तारेवर 5 अँपिअरचा फ्यूज ठेवावा. आपला भार दोन अँपिअरपेक्षाही कमी आहे. चार्जर 14.6 व्होल्टचा, याच सेलांसाठीचा घ्यावा.

काही महिन्यांनी पंखा वेळेआधी बंद पडू लागला तर तो बंद होताच चारही जोड्या मोजाव्यात. तीन जोड्या 3 व्होल्टच्या वर आणि एक 2.5 च्या जवळ असेल, तर दोष त्या एका जोडीत आहे. साखळी तिच्याच ताकदीने चालते. ती जोडी बदलावी, साठा वाढवण्यासाठी वरून नवा सेल जोडू नये. आणि कुठलाही सेल फुगला, गळला किंवा नुसता ठेवलेला असताना गरम लागला, तर बॅटरी घराबाहेर काढून वापर तिथेच थांबवावा.