मामांचा 'अंकल' कोणी केला?

मंडळी, आज थोडा राग आहे. तो इथेच काढतो.

आमच्याकडच्या एका शाळेच्या स्मरणिकेसाठी मी शाळेच्या जुन्या शिपायावर दीड पानाचं व्यक्तिचित्र लिहिलं होतं. आम्ही सारे त्यांना मामा म्हणायचो. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलानातवंडांनाही वाचता यावी म्हणून समितीने स्मरणिका इंग्रजीतही काढली. इंग्रजी सफाईदार होतं, व्याकरणाची एकही चूक नव्हती. फक्त मामा त्यात नव्हते.

पहिल्याच ओळीत शिपायाचा 'पिऑन' झाला. आपल्या हापिसांतल्या इंग्रजीत तो शब्द चालतो. पण अमेरिकेत पिऑन म्हणजे कर्जापायी राबणारा वेठबिगार, आणि एरवी तो तुच्छतेचाच शब्द. तिथल्या नातवाच्या मनात काय चित्र उभं राहणार? हुद्दा सोडून काम सांगितलं असतं तर भागलं असतं. 'शाळेची घंटा ज्यांच्या हातात होती ते' एवढं पुरे.

मामांचे 'अंकल' झाले. इंग्रजीत काकाही अंकल, मामाही अंकल आणि शेजारचे गृहस्थही अंकल. पण हट्ट करायचा तो मामाकडे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. 'मामा' तसंच ठेवायचं आणि 'आईचा भाऊ, ज्याच्याकडे लाड चालतात' असं एकदाच वाक्याच्या ओघात सांगायचं. कंस नको, तळटीप नको.

मी लिहिलं होतं, "मामा तोंडाचे फटकळ, पण पोरगं उपाशी दिसलं की डब्यातली बाजरीची भाकरी मोडून अर्धी पुढे करायचे." त्याचं झालं, 'ही हॅड अ हार्ट ऑफ गोल्ड.' भाकरी गेली, डबा गेला, फटकळपणाही गेला. अहो, माया विशेषणात नसते, त्या अर्ध्या भाकरीत असते. आणि भाकरी मोडणं इंग्रजीत सहज सांगता येतं.

म्हणींचं मात्र तारतम्य हवं. लांबून हुकूम सोडणाऱ्यांबद्दल मामा म्हणायचे, "हे उंटावरून शेळ्या हाकणार." हे त्यांच्या तोंडचं आहे, तेव्हा उंटही राहू द्या आणि शेळ्याही. चित्र डोळ्यांपुढे येतं. पण "मामांनी जिवाचं रान केलं" ही माझी, लिहिणाऱ्याची सवय. त्यातलं रान इंग्रजीत नेलं तर हसंच होईल. तिथे गॅदरिंगसाठी रात्री जागून त्यांनी मांडव कसा उभा केला ते सरळ सांगावं. म्हण कोणाच्या तोंडची, हे आधी पाहायचं.

खरा घाव पुढेच आहे. त्याच शाळेत मी शिकलो आणि पुढे तिथेच शिक्षक म्हणून रुजू झालो. सात वर्षं मला "अरे बाळ्या" म्हणणारे मामा त्या सकाळी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या सर, बसा." मी म्हटलं, "मामा, मला अरेच म्हणा." ते म्हणाले, "आता नाही. पोरं ऐकतात."

हा परिच्छेद अनुवादात गाळला. का, तर 'यात काही घडत नाही'! इंग्रजीत अरे आणि अहो दोन्हींचं 'यू' होतं, म्हणून तिथे काही घडलं नाही. पण वाट आहे. 'सात वर्षं मी बाळ्या होतो, त्या सकाळी मी सर झालो, आणि ते उभे राहिले.' जे क्रियापदात होतं ते नावात आणि उठण्यात आणायचं.

ही अडचण मोठ्यांनाही चुकलेली नाही. नगर-राहुरीत संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद जोसेफिन इंक्स्टर यांनी 1950 साली केला आणि शांता गोखले यांनी पुन्हा 2017 साली. लक्ष्मीबाई नवऱ्याला 'टिळक' म्हणतात, आणि क्रियापद आदरार्थी. त्या आदरात राहूनच त्या त्यांची फजितीही सांगतात. इंग्रजी क्रियापदाला तो आदर दाखवताच येत नाही, तो वाक्याच्या चालीतूनच आणावा लागतो.

समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, अनुवाद म्हटला की थोडं जाणारच." मान्य. पण काय जाऊ द्यायचं ते कोण ठरवणार? ज्या नेवाशात सातशे श्लोकांच्या गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या, तिथे तरी चार शब्द वाढतात म्हणून माणूस कापू नये.

पारख सोपी आहे. इंग्रजी मजकूर तोंडी मराठीत परत आणायचा आणि ओळखणाऱ्याला ऐकवायचा. मी मामांच्या मुलाला ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "चांगलं आहे सर. पण हे कोणाबद्दल आहे?"

असो. दीड पान मी पुन्हा इंग्रजीत करायला घेतलंय. सुरुवात घंटेपासून केली आहे.