एका आयोडीनची तीन नाती

घरात खालाला किंवा फुफीला थायरॉइडचा त्रास असतो. डॉक्टर 'रेडिओ आयोडीन' घ्यायला सांगतात आणि सोबत सूचनाही देतात. आधी काही दिवस आयोडीनयुक्त मीठ बंद ठेवा, औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घेऊ नका. मग घरात प्रश्न सुरू होतात. मिठातले आयोडीन आणि हे आयोडीन एकच आहे का? एकच असेल तर एवढी खबरदारी कशाला? आणि शेवटी या औषधाचे अंगात होते तरी काय?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका तक्त्यात मिळतात. त्याला न्यूक्लाइडचा तक्ता म्हणतात. नववी-दहावीच्या मुलांना गोंधळात टाकणारे आयसोटोप, आयसोटोन आणि आयसोबार हे तीन शब्दही त्याच तक्त्यावर उलगडतात.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. प्रोटॉन किती, यावरून मूलद्रव्य ठरते. 53 प्रोटॉन असले की ते आयोडीनच, मग न्यूट्रॉन कितीही असोत. दोन्हींची बेरीज नावापुढे लिहितात. आयोडीन-127 म्हणजे 53 प्रोटॉन आणि 74 न्यूट्रॉन. आयोडीन-131 म्हणजे 53 प्रोटॉन आणि 78 न्यूट्रॉन.

आता चौकटींची मोठी वही डोळ्यांसमोर आणा. खालून वर जाताना प्रत्येक पायरीला एक प्रोटॉन वाढतो. डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक घराला एक न्यूट्रॉन वाढतो. प्रत्येक केंद्रकाला आपले एक घर असते. घरात त्याचे नाव आणि बेरजेचा आकडा लिहिलेला असतो. केंद्रक टिकाऊ असेल तर निसर्गात ते शेकडा किती सापडते हे दिलेले असते, टिकाऊ नसेल तर अर्धायुष्य दिलेले असते. बहुतेक तक्त्यांत टिकाऊ घरे काळी असतात. बाकी रंग मात्र प्रत्येक तक्त्यात सारखे नसतात. काही तक्ते प्रोटॉन आडवे आणि न्यूट्रॉन उभे मांडतात. म्हणून आधी दोन्ही कडांवर काय लिहिले आहे ते पाहावे, मगच आत शिरावे.

पहिला प्रश्न घेऊ. आयोडीनच्या आडव्या ओळीत बोट ठेवा. आयोडीन-127 चे घर काळे आहे आणि त्यात 100 लिहिले आहे, म्हणजे निसर्गातले सगळे टिकाऊ आयोडीन हेच. मिठातले आयोडीनही हेच. त्याच ओळीत चार घरे उजवीकडे आयोडीन-131 आहे. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे, असे जे नाते ते आयसोटोप, म्हणजेच समस्थानिक. प्रोटॉन सारखे म्हणून रासायनिक वागणूकही सारखी. थायरॉइड ग्रंथीला या दोघांतला फरक कळत नाही, ती दोन्ही तितक्याच आवडीने ओढून घेते. म्हणूनच औषध नेमके तिथे पोचते. आणि म्हणूनच आधी मीठ बंद करतात. ग्रंथी मिठातल्या आयोडीनने भरलेली असेल तर औषधाला जागा कमी उरते.

मग फरक कशात आहे? आयोडीन-131 ला न्यूट्रॉन जास्त झाले आहेत, म्हणून ते टिकत नाही. त्याच्या घरात अर्धायुष्य आठ दिवस असे लिहिलेले असते. त्याचा एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो आणि एक बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर फेकला जातो. तक्त्यावर याचा अर्थ एक घर डावीकडे आणि एक घर वर, तिरके पाऊल. आपण पोचतो 54 प्रोटॉन आणि 77 न्यूट्रॉनच्या घरात. ते आहे झेनॉन-131, आणि ते घर काळे आहे.

बेरीज बदलली नाही, 131 ची 131 च राहिली. प्रोटॉन वेगळे, न्यूट्रॉन वेगळे, पण बेरीज सारखी, हे नाते आयसोबार. डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या ओळीवर आयसोबार सापडतात. त्यांचे रासायनिक गुण मात्र पार वेगळे. आयोडीन ग्रंथीत अडकून बसते, झेनॉन हा कशातही सहज न मिसळणारा वायू आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे: आयोडीन-131 शेवटी निरुपद्रवी झेनॉन होऊन जाते. बेरीज सारखी असली तरी दोघांचे वजन तंतोतंत सारखे नसते. आयोडीन-131 किंचित जड असते, आणि तो किंचितसा फरकच बीटा व गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो.

खबरदारीचे कारणही इथेच आहे. बीटा कण दोन-तीन मिलिमीटरच्या आत थांबतात आणि ग्रंथीच्या पेशींवर काम करतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. शिवाय काही आयोडीन लघवी, लाळ आणि घामातून बाहेर पडते. आठ दिवसांनी औषध निम्मे उरते, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी आठवा हिस्सा. लघवीवाटे जाणारा भाग धरला तर शरीरातून ते याहून लवकर कमी होते. तो भाग तक्त्यात लिहिलेला नसतो आणि माणसागणिक बदलतो. म्हणून किती दिवस दूर राहायचे हे तक्ता पाहून ठरवू नये, डॉक्टरांनी सांगितलेले दिवसच पाळावेत.

राहिले तिसरे नाते. हे औषध मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, टेल्युरियम या मूलद्रव्यापासून. टेल्युरियम-130 मध्ये 52 प्रोटॉन आणि 78 न्यूट्रॉन असतात. भट्टीत त्याला एक न्यूट्रॉन मिळतो, म्हणजे एक घर उजवीकडे, टेल्युरियम-131. त्याचे अर्धायुष्य जेमतेम 25 मिनिटे. मग तेच तिरके पाऊल, एक डावीकडे आणि एक वर, आणि आपण आयोडीन-131 वर येतो. निघालो तिथल्या बरोबर वरच्या घरात आपण पोचलो. दोन्ही घरांत न्यूट्रॉन 78. न्यूट्रॉन सारखे, बाकी सारे वेगळे, हे नाते आयसोटोन. ते उभ्या ओळीत असतात. त्याच ओळीत आणखी वर झेनॉन-132, सिझियम-133 आणि बेरियम-134 आहेत.

नावे लक्षात ठेवायची सोपी खूण: आयसोटोप मधला 'प' प्रोटॉनचा, आयसोटोन मधला 'न' न्यूट्रॉनचा, आणि आयसोबार मधला 'बार' म्हणजे आपला 'भार'. ज्याची खूण, ती संख्या सारखी.

मुले नेहमी एकाच जागी चुकतात. नावापुढचा आकडा ते न्यूट्रॉनची संख्या समजतात. मग झेनॉन-131 आणि आयोडीन-131 त्यांना आयसोटोन वाटतात. आकड्यातून प्रोटॉन वजा करून पाहिले की चूक लगेच दिसते: एकात 77 उरतात, दुसऱ्यात 78.

आता मुलांना हे विचारा. कार्बनमध्ये 6 प्रोटॉन असतात, नायट्रोजनमध्ये 7. कार्बन-14 चे नाते कार्बन-12 शी काय, नायट्रोजन-14 शी काय आणि नायट्रोजन-15 शी काय? उत्तर अनुक्रमे आयसोटोप, आयसोबार आणि आयसोटोन. ते तोंडी सांगण्याआधी त्यांना वहीत चौकटी आखून तिन्ही घरांवर बोट ठेवायला लावा.