पाकीट फेकू नका!

"दोन गोळ्या चुकल्या? मग ते पाकीट टाकून दे, पाळी येऊ दे, पाचव्या दिवशी नवीन सुरू कर." भोर-वेल्ह्याकडच्या बायका हा सल्ला माझ्याकडे येताना सोबतच घेऊन येतात. कुणी तो जावेकडून ऐकलेला असतो, कुणी औषधाच्या दुकानात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. नको असलेली गर्भधारणा टाळायची असेल तर तो आधी बंद व्हायला हवा.

आशाताई देतात त्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या. म्हणून पहिला प्रश्न असा की चुकलेली गोळी कोणत्या रंगाची? तपकिरी चुकली तर ती टाकून द्या आणि नवीन पाकीट ठरल्या दिवशीच सुरू करा. पांढरी चुकली तर मात्र पुढचे नीट वाचा.

सलग सात दिवस पांढरी गोळी घेतली की बीजकोश शांत होतो, स्त्रीबीज बाहेर पडत नाही. त्यानंतर तो साधारण सात दिवस बिनगोळीचे सोसतो. लोहाच्या आठवड्यात गर्भ राहत नाही, तो याच हिशेबावर. सात दिवसांच्या पुढे खंड लांबला की बीजकोश जागा होऊ लागतो. म्हणजे धोका गोळी चुकण्यापेक्षा खंड लांबण्यात जास्त आहे.

आता एक उदाहरण घेऊ. भातलावणीसाठी एक बाई माहेरी गेली आणि पाकीट सासरी राहिले. सोमवारी रात्री नऊला तिने दहावी गोळी घेतली होती. मंगळवारची अकरावी आणि बुधवारची बारावी चुकली. गुरुवारी रात्री नऊला ती परतली. तिने काय करावे?

सर्वांत अलीकडची चुकलेली गोळी, म्हणजे बारावी, लगेच घ्यावी. गुरुवारची तेरावीही तेव्हाच घ्यावी. एका वेळी दोन गोळ्या झाल्या तरी चालते, थोडी मळमळ होईल एवढेच. अकरावी टाकून द्यावी. शुक्रवारपासून रोज एक गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा. आधीच्या दहा गोळ्या नीट घेतल्या असतील, तर तातडीच्या गोळीची गरज नाही.

आता हीच बाई पाकीट फेकते असे धरा. रक्तस्राव शनिवारी सुरू झाला तर पाचवा दिवस बुधवार. मंगळवार ते पुढचा मंगळवार, म्हणजे आठ दिवस बिनगोळीचे. रक्तस्राव उशिरा आला तर खंड आणखी लांबेल. सात दिवसांची मर्यादा आपणच ओलांडली, आणि तीही सल्ला ऐकून!

या गैरसमजाचे मूळ मला दिसते. गोळ्या चुकल्या की दोन-तीन दिवसांत थोडे रक्त दिसते. बाईला वाटते पाळी आली, आता पाकिटाचा उपयोग नाही. पण ते रक्त हार्मोन अचानक कमी झाल्यामुळे येते. ते दिसले तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

एकच गोळी चुकली असेल तर आठवताच घ्या आणि पुढची वेळेवर घ्या. निरोधाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका तीन गोळ्या चुकल्यावर निरोध वापरायला सांगते. मी दोन चुकल्यावरच सांगतो, कारण नेमक्या किती चुकल्या हे अनेकींना आठवत नाही आणि सात दिवसांच्या निरोधाने नुकसान काहीच नाही.

दोन प्रसंगी मात्र वेगळे वागावे लागते. पहिल्याच आठवड्यात दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर आशाताईंकडून तातडीची गोळी लगेच घ्या. ७२ तासांच्या आत घेतलेली बरी. तिसऱ्या आठवड्यात चुकल्या तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, तपकिरी टाका आणि दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट सुरू करा. दोन्हीकडे सात दिवस निरोध हवाच. लोहाच्या आठवड्यात पाळी आली नाही तर लघवीची तपासणी करून घ्या.

हे सगळे फक्त माला-एन, माला-डीसारख्या गोळ्यांसाठी आहे. 'छाया'ची गोळी वेगळी आणि तिचे नियमही वेगळे.

दोष मी बाईला देत नाही. पाकीट हातात ठेवताना "रोज एक घे" एवढेच सांगितले जाते. चुकली तर काय करायचे, हे कुणी सांगत नाही. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या वाडीवरून हे विचारायला पावसाळ्यात दवाखाना गाठायचा, तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हे चार नियम पाकीट देतानाच सांगितले पाहिजेत, आणि पाकिटासोबत सात दिवस पुरतील एवढे निरोधही दिले पाहिजेत.